दहाव्या मिनिटाला सोने नेहमीच कमी का पडते? लेन, जंगल आणि लास्ट हिट यांचा हिशेब

तक्रार ओळखीची आहे. खेळ सुरू होतो, समोरच्या खेळाडूशी झटापटी होतात, त्यांतल्या एकदोन आपण जिंकतोही; पण दहाव्या मिनिटाच्या आसपास स्कोअरबोर्ड उघडला की प्रतिस्पर्ध्याकडे आपल्यापेक्षा एखादी वस्तू जास्त असते. त्याने कुणाला मारलेलेही नसते. हे एकदा झाले तर दुर्लक्ष करता येते. प्रत्येक सामन्यात होत असेल, तर आपले सोने कुठेतरी गळते आहे आणि ती गळती शोधावी लागते. या लेखात मुख्य उदाहरण ‘लीग ऑफ लेजंड्स’चे घेतले आहे, ‘डोटा २’मध्ये जिथे नियम वेगळा आहे तिथे तसे सांगितले आहे. पुढचे आकडे बऱ्याच हंगामांत लागू असलेले आहेत. नव्या पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या नव्या आवृत्तीत, ते थोडेफार हलतात, म्हणून आकड्यांपेक्षा त्यांच्यामागची पद्धत लक्षात ठेवणे जास्त उपयोगाचे.

आधी नकाशा पाहू. दोन संघांचे तळ समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा म्हणजे लेन : वरची, मधली आणि खालची. दर ३० सेकंदांनी दोन्ही तळांतून छोट्या सैनिकांची एकेक तुकडी प्रत्येक लेनमध्ये निघते. या सैनिकांना ‘लीग’मध्ये मिनियन आणि ‘डोटा’मध्ये क्रीप म्हणतात, तर तुकडीला सर्रास वेव्ह म्हटले जाते. लेनच्या मधल्या जागेत जे रान पसरलेले असते ते जंगल. तिथे ठरावीक जागी कुणाच्याही बाजूचे नसलेले प्राणी उभे असतात, त्या जागा म्हणजे कॅम्प. ‘लीग’मध्ये हे प्राणी स्वतःहून हल्ला करत नाहीत. त्यांना मारले की सोने आणि अनुभव मिळतो आणि काही वेळाने ते पुन्हा उगवतात. संघातला एक खेळाडू लेन सोडून या कॅम्पवरच वाढतो, तो जंगलर.

आता मुख्य नियम. मिनियनला दहा घाव कुणीही घालो, त्याचे सोने शेवटचा घाव ज्याचा असेल त्यालाच मिळते. हा शेवटचा घाव म्हणजे लास्ट हिट. आपण मिनियनची नव्वद टक्के ताकद संपवली आणि उरलेली दहा टक्के आपल्याच बाजूच्या मिनियनने किंवा लेनमध्ये उभा राहून शत्रूवर आपोआप मारा करणाऱ्या टॉवरने संपवली, तर आपल्या हाती सोने शून्य. अनुभवाचे मात्र तसे नाही. शत्रूचा मिनियन मेला तेव्हा आपण पुरेसे जवळ असलो की अनुभव मिळतो, घाव आपला असो वा नसो. हा फरक नीट लक्षात घ्यावा, कारण कोणती गळती आधी बुजवायची याचा सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

चुकलेल्या मिनियनची मोजदाद

मिनियनची पहिली वेव्ह खेळाच्या घड्याळात १:०५ ला निघते असे धरले, तर दहाव्या मिनिटापर्यंत १७ वेव्ह लेनमध्ये पोहोचलेल्या असतात. प्रत्येकीत तीन जवळून लढणारे आणि तीन दुरून मारा करणारे असे सहा मिनियन असतात, आणि दर तिसऱ्या वेव्हमध्ये एक तोफवाला जास्तीचा येतो. म्हणजे १०२ अधिक ५, एकूण १०७. जवळून लढणाऱ्याचे साधारण २१, दुरून मारणाऱ्याचे १४ आणि तोफवाल्याचे सुरुवातीला ६० सोने धरले, तर सरासरी एका मिनियनमागे २० च्या आसपास सोने पडते. एका हत्येचे मूळ इनाम ३०० असते. म्हणजे पंधरा मिनियन सोडणे ही एक हत्या हातची घालवण्याइतकी किंमत आहे, फक्त ती पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकत नाही.

एक नमुना घेऊ. मधल्या लेनमधल्या एका खेळाडूच्या नावावर दहाव्या मिनिटाला दोन हत्या आहेत, एकदा तो स्वतः मेला आहे, आणि स्कोअरबोर्डवर त्याच्यापुढे लास्ट हिटचा ५२ हा आकडा दिसतो. त्याच्या समोरच्याने कुणालाच मारलेले नाही, पण त्याचा आकडा ८१ आहे. इथे पहिला चकवा आहे. स्कोअरबोर्डवरच्या या आकड्यात जंगलातले प्राणीही धरले जातात आणि एक पूर्ण कॅम्प चार मिनियनइतका मोजला जातो. आपल्या खेळाडूने मध्येच रॅप्टर नावाच्या पक्ष्यांचा एक कॅम्प मारला होता. ते चार वजा केले की लेनमधले मिनियन उरतात ४८. फरक ३३ चा, म्हणजे सुमारे ६६० सोन्याचा. दोन हत्यांचे ६०० आणि रॅप्टरांचे थोडेसे धरूनही दोघांची जवळपास बरोबरीच होते. दोन लढाया जिंकून मिळवलेली सगळी आघाडी मिनियनमध्ये विरघळली, आणि अनुभवात तर आपला खेळाडू मागेच आहे.

१०७ पैकी ४८ मिळाले, म्हणजे ५९ गेले. ते कुठे गेले, हे आठवणीतून कधीच कळत नाही. सामन्याचा रिप्ले उघडावा (तो त्याच पॅचपुरता चालतो, म्हणून आठवडाभर पुढे ढकलू नये), दुप्पट वेगाने चालवावा आणि आपल्या लेनमध्ये शत्रूचा मिनियन आपल्या घावाशिवाय मेला की कागदावर तीनपैकी एका रकान्यात खूण करावी. मी त्या वेळी लेनमध्ये नव्हतो, हा पहिला रकाना. मी माझ्या टॉवरखाली होतो, हा दुसरा. आणि मी मोकळ्या लेनमध्ये समोरच उभा होतो, हा तिसरा. सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांसाठी याला फार वेळ लागत नाही. आपल्या नमुन्यात खुणा अशा पडतात : पहिल्या रकान्यात २६, दुसऱ्यात १४ आणि तिसऱ्यात १९.

सोने कमी पडते अशी तक्रार केली की लास्ट हिटचा सराव करा, हा एकच सल्ला सगळीकडून मिळतो. तो चुकीचा नाही, पण तो फक्त तिसऱ्या रकान्यावरचा उपाय आहे. इथे सर्वांत मोठा रकाना पहिला आहे. शिवाय पहिल्या रकान्यातला प्रत्येक मिनियन सोन्याबरोबर अनुभवही घेऊन गेला आहे, उरलेल्या दोन रकान्यांत अनुभव तरी हाती लागला. म्हणून माझ्या मते दुरुस्तीची सुरुवात नेहमी पहिल्या रकान्यापासून करावी, मग हात कितीही कच्चा असो.

लेनमध्ये नसताना गेलेले

त्या २६ ची फोड अशी : एका मृत्यूत ८, तळावर परतण्यात ५, खालच्या लेनला मदतीला जाण्यात ७ आणि रॅप्टर मारण्यात ६.

मृत्यूचे कारण रिप्लेमध्ये थोडे मागे गेले की दिसते. आपला खेळाडू समोर दिसेल त्या मिनियनला सतत मारत होता. आपण सतत मारले की शत्रूचे मिनियन लवकर संपतात, आपले जास्त उरतात आणि सगळी लढाई शत्रूच्या टॉवरकडे सरकते. तिथे उभे राहिल्यावर आपल्या टॉवरपर्यंतचे अंतर लांबलचक होते, आणि शत्रूच्या जंगलरला दोन्ही बाजूंच्या झाडीतून येऊन वाट अडवणे सोपे जाते. लेन पुढे ढकलली जाणे ही स्वतः चूक नव्हे. ती पुढे ढकलली आहे, शत्रूचा जंगलर नकाशावर दिसत नाही आणि तरीही आपण तिथेच उभे आहोत, ही चूक. यावरचा साधा उपाय म्हणजे फक्त शेवटचा घाव घालणे आणि मधल्या वेळात हात आवरणे, म्हणजे लढाई आपोआप लेनच्या मध्यावर किंवा आपल्या बाजूला राहते.

तळावर परतण्याचे गणित याच्या नेमके उलटे असते. परतण्याची क्रिया ८ सेकंदांची असते, त्यात खरेदी आणि चालत येणे मिळवले की एखादी वेव्ह चुकणारच. पण निघण्यापूर्वी शत्रूची सगळी वेव्ह मारून आपले मिनियन त्याच्या टॉवरखाली पोहोचवले, तर आपण येईपर्यंत ते त्या टॉवरशी अडकून राहतात आणि त्यानंतरची वेव्ह आपल्याकडे परतू लागते. लेन मध्यावर असताना किंवा आपल्याकडे येत असताना परतलो, तर शत्रूची पूर्ण वेव्ह आपल्या टॉवरवर आदळून मरते आणि तिचे सोने कुणालाच मिळत नाही. आपल्या खेळाडूचे पाच मिनियन असेच गेले : सोने वस्तूपुरते साठले म्हणून तो लगेच परतला, लेन कुठे आहे हे त्याने पाहिलेच नाही. जिवाला धोका नसेल, तर वेव्ह ढकलण्यासाठी आणखी १५ सेकंद थांबणे जवळपास नेहमीच परवडते.

मदतीला जाण्याबद्दल फार लिहीत नाही. सात मिनियन म्हणजे १४० सोने. त्या बदल्यात खालच्या लेनमध्ये हत्या मिळाली असती तर सौदा चांगला होता, मिळाली नाही म्हणून तोट्याचा. वेव्ह ढकलून मग जाणे, हा नियम इथेही लागू होतो.

जंगलातून भरपाई होत नाही

रॅप्टरांच्या कॅम्पचा प्रसंग मात्र तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण मागे पडलेल्या खेळाडूला हा मोह हमखास होतो. मधल्या लेनपासून हा कॅम्प चार पावलांवर असतो. एक मोठा पक्षी आणि पाच लहान, सहाही एकदम अंगावर येतात. जंगलरजवळ त्याच्या कामासाठीची खास वस्तू असते, जी प्राण्यांना जादा इजा करते आणि त्याची ताकद भरून काढते. लेनमधल्या खेळाडूकडे ती नसते, त्यामुळे त्याला वेळ जास्त लागतो आणि अंगावर घावही जास्त पडतात. आपल्या खेळाडूने तिथे वेळ घालवला, तेवढ्यात एक संपूर्ण वेव्ह त्याच्या टॉवरखाली मेली. स्कोअरबोर्डवर त्याला चार मिळाले, लेनमधले सहा गेले, ताकद निम्मी झाली आणि म्हणून पुढची वेव्हही त्याला दुरूनच पाहावी लागली.

तोटा इथे थांबत नाही. लहान कॅम्प सव्वादोन मिनिटांच्या आसपास पुन्हा उगवतात आणि जंगलर त्या वेळा धरूनच आपला फेरा आखतो. त्यातला एक कॅम्प रिकामा सापडला की त्याचा फेरा मोडतो, तो एक पातळी मागे राहतो आणि आपल्याच लेनमध्ये मदतीला उशिरा येतो. दुसरीकडे, जंगलाची खास वस्तू घेतलेल्या खेळाडूला सुरुवातीच्या काळात लेनमधल्या मिनियनमागे कमी सोने मिळते. म्हणजे दोघांनी एकमेकांच्या जागी जाऊन मारले, तर संघाचे एकूण उत्पन्न घटते. लेनमधल्या खेळाडूने कॅम्प घ्यावा तो एकाच परिस्थितीत : आपली वेव्ह शत्रूच्या टॉवरखाली पोहोचलेली आहे, पुढची यायला वेळ आहे, आणि जंगलर नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असून त्याने ‘घे’ म्हटले आहे.

‘डोटा २’मध्ये या जंगलाचा संबंध लेनशी आणखी घट्ट आहे. तिथे प्रत्येक पूर्ण मिनिटाला कॅम्पची जागा तपासली जाते आणि ती रिकामी असेल तर नवे प्राणी उगवतात. म्हणून मिनिट पूर्ण होण्याच्या पाचसात सेकंद आधी प्राण्यांना डिवचून जागेबाहेर ओढले, की तिथे नवे उगवतात आणि जुने परत येऊन त्यांच्यात मिसळतात. यालाच स्टॅक करणे म्हणतात. हेच प्राणी ओढून आपल्या क्रीपच्या वाटेवर आणले, तर क्रीप त्यांच्याशी लढत बसतात आणि पुढे गेलेली लेन मागे येते. मात्र हे काम मुख्यतः सपोर्टचे, म्हणजे सोबत्याला साथ देणाऱ्या खेळाडूचे असते. लेनमध्ये सोने गोळा करणाऱ्याने त्यासाठी क्रीप सोडून जाऊ नये.

टॉवरखाली गेलेले १४

हा रकाना सर्वांत लवकर सुधारतो, कारण इथे टॉवरचा मारा ठरलेला असतो. सामन्याच्या सुरुवातीला जवळून लढणाऱ्या मिनियनची ताकद सुमारे ४७७ असते आणि टॉवरचा एक गोळा तिच्यातील ४५ टक्के, म्हणजे साधारण २१५ घेतो. दोन गोळ्यांनंतर ४७ उरतात. सुरुवातीला आपला एक घाव ६० च्या आसपास असतो, म्हणजे दोन गोळ्यांनंतर एक घाव पुरतो. त्याआधी हात घातला तर हिशेब बिघडतो, कारण मग दुसराच गोळा मिनियनला संपवतो. उशीर झाला तर मात्र तिसरा गोळा मिनियनला संपवतो.

दुरून मारणाऱ्या मिनियनचे गणित वेगळे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. त्याची ताकद सुमारे २९६, आणि टॉवरचा एक गोळा तिच्यातील ७० टक्के, म्हणजे २०७ घेतो. उरतात ८९. आपला घाव ६० चा, म्हणजे गोळ्यानंतर एका घावात तो मरत नाही, आणि आपण दुसरा घाव उगारेपर्यंत टॉवरचा पुढचा गोळा येऊन पोहोचतो. उपाय असा, की टॉवरने त्याच्याकडे मोर्चा वळवण्यापूर्वीच त्याला एक घाव घालून ठेवायचा. मग टॉवरचा गोळा लागू द्यायचा आणि लगेच दुसरा घाव. २९६ मधून ६०, मग २०७, उरले २९, आणि ते आपले. टॉवर पुढच्या जवळून लढणाऱ्या मिनियनवर मारा करत असतो, तोच वेळ मागच्या तिघांना एकेक घाव घालून ठेवण्याचा असतो. पुढे वस्तू घेऊन आपला घाव ९० च्या वर गेला की ही तयारी लागत नाही. मिनियनची ताकदही मिनिटागणिक वाढत असल्याने मधूनमधून तपासून पाहावे लागते.

हा हिशेब पूर्ण ताकदीने टॉवरखाली आलेल्या मिनियनलाच लागू पडतो. आपल्या मिनियनांनी त्याला आधीच अर्धवट मारलेले असेल तर डोळ्यांनीच अंदाज घ्यावा लागतो, आणि सहापैकी एखादा जाणारच. तो गेला म्हणून चिडून शत्रूच्या माऱ्यात शिरण्यात अर्थ नाही.

समोर असूनही गेलेले १९

आता हाताची चूक. रिप्लेमध्ये इथे आणखी एक खूण करावी : घाव लवकर पडला की उशिरा. घाव बसला, मिनियनची ताकद सुईएवढी उरली आणि मग आपल्याच मिनियनने ती संपवली, तर घाव लवकरचा. आपला बाण हवेत असतानाच मिनियन मेला, किंवा हात उगारला तेव्हा तो गेलेला होता, तर उशिराचा. दोन्हींवरचे उपाय उलटसुलट असल्याने ते एकत्र मोजू नयेत. आपल्या नमुन्यात १३ लवकरचे आणि ६ उशिराचे आहेत.

लवकरच्या घावांमागे कित्येकदा खेळाडूचा दोष नसतोच. `Settings` मधल्या `Game` विभागात `Auto Attack` हा पर्याय चालू असेल, तर स्वस्थ उभा असलेला चॅम्पियन, म्हणजे आपण चालवत असलेले पात्र, जवळच्या मिनियनला आपोआप मारू लागतो. तो बंद करावा. ‘डोटा २’मध्येही अशीच सोय आहे, तिथे `Never` निवडावे. याशिवाय एखाद्या मिनियनवर क्लिक केले की चॅम्पियन एक घाव घालून थांबत नाही, पुन्हा पुन्हा मारत राहतो. म्हणून घाव सुटल्याबरोबर जमिनीवर क्लिक करून थोडे हलावे किंवा `S` कळ दाबून थांबावे. ही सवय लागली की लवकरचे घाव झपाट्याने कमी होतात. तरीही उरले, तर आपला घाव ताकदीच्या पट्टीवर किती रुंदीचा दिसतो, याचा डोळ्याला सराव हवा. त्यासाठी प्रॅक्टिस टूलमध्ये एकटे जाऊन, कोणतेही कौशल्य न वापरता आणि वस्तू न घेता, फक्त साध्या घावांवर पहिल्या दहा मिनिटांचे मिनियन घ्यावेत. कौशल्ये वापरली की आकडा फुगतो आणि चूक झाकली जाते.

उशिराच्या घावांचे कारण बहुधा चुकीच्या जागी असलेली नजर असते. मिनियनची ताकद किती उरली एवढेच पाहून चालत नाही; त्याच्यावर आपले किती मिनियन तुटून पडले आहेत हेही पाहावे लागते. तिघे एकाच मिनियनला मारत असतील तर त्याची पट्टी भराभर उतरते आणि घाव आधीच उगारावा लागतो. कुणीच मारत नसेल तर ती जागच्या जागी राहते आणि आपणच घाईने मारतो. दुरून मारा करणाऱ्या चॅम्पियनच्या बाणाला पोहोचायला वेळ लागतो, आणि त्यात प्रत्येक चॅम्पियनचा हात उगारण्याचा वेळ वेगळा. म्हणून रोज नवा चॅम्पियन घेणाऱ्याचे उशिराचे घाव कधीच शून्यावर येत नाहीत. महिनाभर एकदोन चॅम्पियनवर थांबले, तर हा भाग कुठल्याही वेगळ्या उपायाशिवाय सुधारतो.

‘डोटा २’ खेळणाऱ्याने या रकान्यात आणखी एक प्रकार धरावा. तिथे स्वतःच्या बाजूचा क्रीप निम्म्याहून कमी ताकदीचा झाला की त्याला आपणच मारू शकतो, म्हणजे समोरच्याला सोने मिळत नाही आणि अनुभवही कमी मिळतो. याला डिनाय म्हणतात. तेव्हा आपला आकडा कमी दिसण्यामागे आपला उशीर नसून समोरच्याचा डिनाय असू शकतो. तसे असेल तर क्रीपकडे पाहून उपयोग नाही. समोरच्याला डिवचून त्याच्या क्रीपपासून लांब ठेवावे लागते.

आकडा सुधारला की नाही, हे कसे ओळखावे

पुढच्या काही सामन्यांत एकूण आकडा पाहण्याऐवजी तीनही रकाने पुन्हा भरावेत. आपल्या नमुन्यातल्या खेळाडूने वेव्ह ढकलून परतणे आणि कॅम्प सोडून देणे एवढे दोनच बदल केले, तर पहिल्या रकान्यातले ११ परत येतात. टॉवरखालच्या १४ पैकी निम्मे आले तरी बेरीज ६६ वर जाते, आणि हाताचा वेग इंचभरही वाढलेला नसतो. पहिला रकाना घटला पण तिसरा वाढला, तर घाबरू नये. आधी लेनमध्ये नसल्यामुळे जे दिसत नव्हते ते आता दिसू लागले आहे. रकाने घटूनही समोरचा पुढेच राहत असेल, तर तो लढाईत आपल्याला मिनियनजवळ येऊच देत नाही असे समजावे, आणि मग अडचण लास्ट हिटची नसून चॅम्पियनच्या निवडीची आहे. सपोर्ट आणि जंगलर यांनी हा १०७ चा मापदंड स्वतःला लावू नये. सपोर्टने लेनमधले मिनियन सोबत्यासाठी सोडायचेच असतात, आणि जंगलरचा हिशेब मिनियनवर होत नाही, कॅम्प उगवल्यानंतर किती वेळ तो उभा राहिला यावर होतो.